जिगसॉमध्ये तज्ज्ञ गटाचे प्रश्न फसतात तेव्हा: आठवीच्या १८५७ च्या पाठावर काम करताना

तक्रार नेहमीची आहे. जिगसॉ पद्धतीने मोठा पाठ चार भागांत वाटून मूळ गटातल्या प्रत्येकाला एक भाग दिला, एकच भाग मिळालेल्यांच्या तज्ज्ञ गटांनी तो वाचून प्रश्न काढले, मग मूळ गटांत परत येऊन एकमेकांना शिकवले. वर्ग बोलत होता, मुले गुंतलेली दिसत होती. तीन दिवसांनी चाचणी घेतली तर प्रत्येकाला स्वतःचा भाग येतो आणि उरलेले तीन भाग जवळजवळ कोरे. मग खापर मुलांच्या सांगण्यावर फुटते: त्यांना अजून नीट समजावता येत नाही. खरे तर तज्ज्ञ गटांनी वहीत काढलेले प्रश्न वाचले की बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो. ते प्रश्न परीक्षेसाठी काढलेले असतात, शिकवण्यासाठी नव्हे.

राज्य मंडळाच्या आठवीच्या इतिहासातला १८५७ च्या लढ्याचा पाठ धरून हे पाहू. त्याचे चार भाग असे पडतात: १८५७ पूर्वीचे उठाव, लढ्याची कारणे, लढ्याची व्याप्ती आणि नेतृत्व, अपयशाची कारणे आणि परिणाम.

आधी दोष नेमका कुठे आहे ते शोधा

उपक्रमानंतर दोन-तीन दिवसांनी, आधी न सांगता, आठ प्रश्नांची चिठ्ठी-चाचणी घ्या. प्रत्येक भागावर दोन प्रश्न, एकूण दहा मिनिटे. तज्ज्ञ गटांनी विचारलेलेच प्रश्न त्यात पुन्हा घालू नका, नाहीतर पाठ झालेले उत्तर मोजले जाईल आणि समज कळणारच नाही.

गुण मांडण्याची पद्धत महत्त्वाची आहे. एका कागदावर आडव्या ओळीत मूळ गट आणि उभ्या रकान्यात पाठाचे चार भाग लिहा. प्रत्येक चौकटीत फक्त ऐकणाऱ्यांचे गुण भरा. चार जणांच्या मूळ गटात एका भागाचे तीन श्रोते असतात आणि प्रत्येकाला त्या भागाचे दोन गुण, म्हणजे एका चौकटीत जास्तीत जास्त सहा. शिकवणाऱ्याचे स्वतःच्या भागाचे गुण बाजूला वेगळे लिहा.

आता कागद वाचा. एकाच मूळ गटाची आडवी ओळ पडलेली असेल तर प्रश्न त्या गटाच्या बसण्या-बोलण्याचा आहे. तिथे कुणी गप्प आहे, किंवा कुणी एकटाच बोलतो आहे. शिकवणाऱ्यांचे स्वतःचे गुणही कमी असतील तर तज्ज्ञ गटातच भाग समजलेला नाही. पण समजा ‘कारणे’ हा रकाना वरपासून खालपर्यंत सहापैकी एक-दोनवर अडला आहे आणि तो भाग शिकवणाऱ्या मुलांना मात्र पैकीच्या पैकी आहेत, तर दोष त्या तज्ज्ञ गटाने काढलेल्या प्रश्नांचा आहे. त्यांना येते, पण पलीकडे पोहोचत नाही. पुढचा मजकूर या तिसऱ्या स्थितीबद्दल आहे, कारण तीच पुन्हा पुन्हा येते.

असे का होते

तज्ज्ञ गटाला ‘तुमच्या भागावर प्रश्न काढा’ एवढेच सांगितले तर मुले दोनच ठिकाणी पाहतात: पाठाखालचा स्वाध्याय आणि गाइड. मग येतात ते प्रश्न असे: लढ्याचे तात्कालिक कारण कोणते? मंगल पांडे कोणत्या छावणीत होते? लॉर्ड डलहौसीने कोणते धोरण राबवले? हे प्रश्न चुकीचे नाहीत, पण ते पाठ वाचून झालेल्या माणसाला विचारायचे आहेत. मूळ गटातल्या बाकीच्या तिघांनी तो भाग वाचलेलाच नाही. त्यांच्याकडे उत्तर द्यायला काहीच नसते, म्हणून शिकवणारा स्वतःच उत्तर सांगतो, तिघे ते उतरवून घेतात आणि प्रश्नाचे रूपांतर श्रुतलेखनात होते. वहीत ‘चरबी लावलेली काडतुसे’ एवढे शब्द राहतात. त्यामागे काय होते ते डोक्यात जात नाही.

दुसरे कारण आपल्या वर्गांत जास्त दिसते. इलियट अ‍ॅरनसन यांनी १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिनच्या शाळांसाठी ही पद्धत बसवली तेव्हा प्रत्येक मुलाच्या हाती मजकुराचा फक्त त्याचा तुकडा असे. बाकीचे कळायचे तर सोबत्याचे ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हते. आपल्याकडे प्रत्येकाच्या दप्तरात पूर्ण पाठ्यपुस्तक असते. प्रश्न एका ओळीत सापडणारा असेल तर श्रोता सोबत्याकडे कशाला पाहील? तो पान उलटतो, ठळक अक्षरांतली ओळ शोधतो आणि लिहून मोकळा होतो.

म्हणून दोन गोष्टी एकत्र कराव्या लागतात. मूळ गटात पुस्तके दप्तरात ठेवायची, आणि प्रश्न असे काढायचे की ऐकणाऱ्याला ऐकलेल्या गोष्टी वापरल्याशिवाय उत्तर देता येणार नाही. नुसती पुस्तके बंद केली आणि प्रश्न तेच ठेवले, तर श्रुतलेखन आणखी वाढते.

तीनच प्रश्न, प्रत्येकाची वेळ ठरलेली

तज्ज्ञ गटाला आठ-दहा प्रश्न काढू देऊ नका. एका भागाला मूळ गटात सात मिनिटे मिळतात. तेवढ्यात तीनपेक्षा जास्त प्रश्न नीट होत नाहीत. पहिला प्रश्न सांगण्याआधी विचारायचा, दुसरा सांगून झाल्यावर, आणि तिसरा चारही भाग ऐकून झाल्यावर. ‘कारणे’ या भागावर हे तीन कसे काढायचे ते सविस्तर पाहू.

सांगण्याआधीच्या प्रश्नाचे उत्तर श्रोत्यांना आधीपासून माहीत असलेल्या गोष्टींतून अंदाजाने देता आले पाहिजे. तात्कालिक कारण विचारले तर ते शक्य नसते. त्याऐवजी असे विचारता येईल: “काडतुसांची बातमी १८५७ च्या सुरुवातीला शिपायांमध्ये पसरली. पण ज्यांनी कधी बंदूक हातात धरली नाही असे लोकही उठले. शेतकरी, विणकर आणि संस्थानिक, या तिघांना कंपनी सरकारचा राग येण्याचे प्रत्येकी एक कारण काय असेल?” मुलांनी आधीच्या पाठात सारावसुली आणि कारागिरांचा बुडालेला धंदा वाचलेला असतो, त्यामुळे पहिल्या दोघांबद्दल अंदाज बांधता येतो. संस्थानिकाबद्दल बहुधा अडते. ते अडणे उपयोगाचे आहे, कारण शिकवणारा आता खालसा धोरण सांगू लागला की श्रोते आपल्या अडलेल्या जागेचे उत्तर ऐकत असतात. हे अंदाज प्रत्येकाने एका ओळीत लिहायचे. तोंडी विचारले तर चौघांतला एक जण बोलतो आणि बाकीचे मान डोलावतात.

मग सांगणे. तीन मिनिटांत तीन मुद्दे, वाचून नव्हे तर तज्ज्ञ गटात प्रत्येकाने तयार केलेल्या कार्डावरच्या शब्दांवरून.

दुसरा प्रश्न सांगून झाल्यावर लगेच. इथे मुले हमखास “आम्ही काय सांगितले?” अशा अर्थाचा प्रश्न काढतात. त्यावर श्रोता शेवटचे वाक्य परत म्हणतो आणि सगळ्यांना वाटते, समजले. त्याऐवजी: “समजा सरकारने ती काडतुसे लगेच मागे घेतली असती. तरी उठाव झाला असता का? आम्ही सांगितलेल्यांपैकी दोन कारणे नावानिशी वापरून उत्तर द्या.” ‘दोन कारणे नावानिशी’ ही अट काढून टाकली तर प्रश्न कोसळतो. मग उत्तर येते: “झाला असता, कारण लोक चिडले होते.” हे उत्तर भाग न ऐकताही देता येते. चालणारे उत्तर असे असेल: “झाला असता. कारण अवध आदल्याच वर्षी खालसा झाले होते आणि तिथल्या अनेक शिपायांची घरे-शेते त्याच मुलखात होती. शिवाय जड सारा काही काडतुसांमुळे आलेला नव्हता.”

शिकवणाऱ्याला हा फरक ऐन वेळी कळत नाही, कारण तोही तेरा वर्षांचाच आहे. म्हणून तज्ज्ञ गटाने कार्डाच्या मागे प्रश्नाचे उत्तर लिहायचे नाही, तर उत्तरात किमान काय आले पाहिजे ते लिहायचे. त्याखाली एक आधाराचे वाक्य. श्रोते गप्प बसले तर शिकवणारा उत्तर सांगून टाकतो, ते या वाक्याने थांबते. वरच्या प्रश्नाला आधाराचे वाक्य असे देता येईल: “काडतुसांच्या आधी काय काय घडून गेले होते, ते १८५६ पासून मागे मोजा.”

जोडणारा प्रश्न आणि त्यातली नेहमीची चूक

तिसरा प्रश्न आपला भाग दुसऱ्या भागाशी जोडतो. पाठ तुकड्यांत वाटला गेलेला असतो आणि मुलांच्या डोक्यात तो तुकड्यांतच राहण्याचा धोका असतो, म्हणून हा प्रश्न सोडू नये. अडचण अशी की तज्ज्ञ गटाला दुसरे भाग माहीत नसतात. जोडणारा प्रश्न काढा म्हटले की मुले “कारणे आणि परिणाम यांचा संबंध काय?” असे काहीतरी लिहितात. त्याचे उत्तर कुणालाच देता येत नाही, कारण त्यात हात घालायला जागाच नाही.

उपाय साधा आहे. शिक्षकाने फळ्यावर चारही भागांची प्रत्येकी दोन ओळींत ओळख लिहून ठेवावी, त्यात नावे असावीत आणि कारणे नसावीत. ‘व्याप्ती’ पुढे नानासाहेब पेशवे, राणी लक्ष्मीबाई, अवधचे लोक, साताऱ्याचे रंगो बापूजी गुप्ते. ‘पूर्वीचे उठाव’ पुढे ओडिशातले पाइक, उमाजी नाईक आणि रामोशी, संथाळ. एवढ्यावर ‘कारणे’ गटाला असा प्रश्न काढता येतो: “नानासाहेब, राणी लक्ष्मीबाई, रंगो बापूजी आणि अवधचे लोक यांच्यापैकी प्रत्येकाला आमच्या कोणत्या मुद्द्याखाली बसवाल? एकाच मुद्द्याखाली सगळे बसतात का?”

याचे उत्तर तज्ज्ञ गटाने कार्डावर लिहायचे नाही. ते मूळ गटातच, दोन भागांच्या माहितीतून तयार होते. ‘व्याप्ती’ शिकवणारा सांगतो की दुसऱ्या बाजीरावाच्या मृत्यूनंतर नानासाहेबांचे पेन्शन बंद झाले आणि झाशीच्या राणीचा दत्तक नामंजूर झाला. ‘कारणे’ शिकवणारा त्यांना राजकीय कारणांत टाकतो, आणि दोघांनाही दिसते की नानासाहेबांकडे खालसा करायला राज्यच उरलेले नव्हते, रुतले होते ते पेन्शनचे दुखणे. असे बारकावे एका भागात मिळत नाहीत.

‘पूर्वीचे उठाव’ गटालाही हेच लागू. “पाइकांचा उठाव केव्हा झाला?” याचे उत्तर १८१७, संपले. “पाइकांच्या हातून करमुक्त जमिनी गेल्या, रामोश्यांच्या हातून गडाच्या राखणीचे काम गेले. १८५७ च्या कारणांमध्ये अशाच प्रकारे काहीतरी हातून गेलेली आणखी दोन माणसे शोधा.” हा प्रश्न ‘कारणे’ शिकवणाऱ्याला कामाला लावतो.

गट मिळून चुकीचे शिकवतो तेव्हा

तज्ज्ञ गटात पाच जण एकमेकांना दुजोरा देत चुकीवर एकमत करू शकतात. मग ती चूक अनेक मूळ गटांत एकदम पसरते आणि नंतर काढणे जड जाते. या पाठात एक चूक इतक्या वेळा दिसते की ती धरूनच चालावे: अवधला दत्तक नामंजुरीच्या यादीत टाकणे. सातारा १८४८ मध्ये, पुढे नागपूर आणि झाशी ही संस्थाने औरस वारस नाही म्हणून खालसा झाली. अवध १८५६ मध्ये खालसा झाले ते कारभार नीट नाही या सबबीवर. नवाब वाजिद अली शाहला मुलगे होते. त्यांच्यातल्याच बिरजिस कद्रला १८५७ मध्ये लखनौच्या गादीवर बसवले गेले. मुलांची चूक समजण्यासारखी आहे: पुस्तकात ही नावे जवळजवळ येतात आणि ‘खालसा’ हा शब्द सगळ्यांना लागतो.

हे पकडण्यासाठी दोन गोष्टी पुरतात. कार्डामागे प्रत्येक मुद्द्यापुढे पान आणि परिच्छेदाचा क्रमांक लिहायला लावा. ‘पान अमुक, परिच्छेद दुसरा’ लिहायचे म्हटले की मूल ते वाक्य परत वाचते आणि बऱ्याच चुका तिथेच गळतात. दुसरे, चाळीसच्या वर्गात एका भागाचे दोन तज्ज्ञ गट असतातच. त्यांनी सरावाआधी कार्डांची अदलाबदल करून एकमेकांच्या मुद्द्यांवर शंकेची खूण करावी. शिक्षकाने सगळी कार्डे वाचत बसू नये, फक्त खुणा केलेल्या जागी जावे.

गट आणि वेळ

चाळीस मुले आणि चार भाग म्हणजे चार जणांचे दहा मूळ गट. प्रत्येक भागाचे दहा तज्ज्ञ होतात, आणि त्या दहांचा एकच गट केला तर दोघे-तिघे काम करतात. प्रत्येक भागाचे पाच-पाचांचे दोन गट करा, एकूण आठ. बेचाळीस मुले असतील तर दोन मूळ गट पाच जणांचे होतात. तिथे एक भाग दोघांनी मिळून शिकवायचा, एकाने सांगायचे, दुसऱ्याने प्रश्न विचारायचे.

पस्तीस मिनिटांच्या दोन तासिका लागतात आणि त्या लागोपाठच्या दिवशी असाव्यात. पहिलीत पाच मिनिटे बसण्यात जातात, दहा मिनिटे मुकाट्याने वाचन, बारा मिनिटे कार्ड तयार करणे, उरलेली आठ सराव. सराव कापू नका. त्यात तज्ज्ञ गटातले दोघे शिकवणारे होतात आणि तिघे भाग न वाचलेल्या मुलांसारखे वागतात. “हे आम्हाला कसे माहीत असेल?” असे त्यांनी म्हटले तर प्रश्न बदलायचा. परीक्षेसाठी काढलेला प्रश्न या चाळणीत बहुधा अडतो. दुसऱ्या तासिकेत चार भागांना प्रत्येकी सात मिनिटे, म्हणजे अठ्ठावीस: एक मिनिट अंदाज लिहायला, तीन सांगायला, तीन दुसऱ्या प्रश्नाला. शेवटची सात मिनिटे जोडणाऱ्या प्रश्नांना. त्यांत चारही होत नाहीत, दोन निवडा.

कार्ड प्रत्येकाने स्वतः लिहायचे. गटात एकाने लिहून बाकीच्यांनी उतरवले तर मूळ गटात कार्ड वाचून दाखवले जाते आणि दुसऱ्या प्रश्नावर शिकवणाराच अडतो. हे ओळखायला सरावाच्या वेळी फिरता फिरता एखाद्याचे कार्ड पालथे करून त्यातला एक मुद्दा विचारावा.

दुसऱ्या दिवशी एखादा तज्ज्ञ गैरहजर राहणार हे धरूनच चाला. त्याच्या मूळ गटाला त्या सात मिनिटांसाठी शेजारच्या मूळ गटात बसवा. पुस्तकातून तो भाग वाचून घ्या असे सांगू नका, नाहीतर त्या गटाचे तीन श्रोते पुन्हा एका ओळीची उत्तरे शोधू लागतात.

सगळे भाग सारखे नसतात

या पाठात ‘कारणे’ आणि ‘अपयश व परिणाम’ हे भाग प्रश्नांना चांगले हात देतात, कारण त्यांत युक्तिवाद आहे. “शिंदे आणि निजाम कंपनीच्या बाजूला राहिले नसते तर काय बदलले असते?” असा प्रश्न सहज निघतो. ‘व्याप्ती आणि नेतृत्व’ या भागात मात्र ठिकाणे आणि नावे भरलेली असतात. तिथे तीन प्रश्नांचा साचा बळेच लावला तर पुन्हा “कानपूरचे नेतृत्व कोणी केले?” हेच येते. या गटाला कोरा भारताचा नकाशा द्या. सांगण्याआधीचा प्रश्न: “१० मे रोजी मेरठला उठाव झाला. मेरठचे शिपाई कोणत्या शहराकडे जातील आणि का?” श्रोते नकाशावर बाण काढतात, मग दिल्ली आणि बहादूरशहा यांची गोष्ट सांगितली जाते. दुसरा प्रश्न: “नकाशावर उठाव झालेली ठिकाणे रंगवा. कोणता मोठा भाग कोरा राहिला?” तो कोरा राहिलेला भाग अपयशाची कारणे शिकवणाऱ्याच्या हाती तयार सामान देतो, आणि जोडणारा प्रश्न वेगळा काढावा लागत नाही.

एवढे करूनही ‘व्याप्ती’ चा रकाना कमीच राहिला तर तो भाग जिगसॉतून काढून शिक्षकाने नकाशावर स्वतः शिकवावा आणि उरलेल्या पाठाचे तीन भाग करावेत. मग मूळ गट तिघांचे होतात. बेचाळीसच्या वर्गात चौदा गट बरोबर बसतात, आणि चाळीस मुले असतील तर बारा गट तिघांचे आणि एक चौघांचा.